जिवाणूंची खानेसुमारी

एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षातील सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील 'मायक्रो', हा विषय पुस्तकात जाडजूड आणि वहीत एका तक्त्याएवढा असतो. तक्त्यात डाव्या हाताला जिवाणूचे नाव, उजव्या हाताला त्याच्यामुळे होणारा आजार आणि मध्ये कागद पुरेल तेवढे खाने असतात. असा तक्ता पुस्तकात छापलेला मिळतो, सीनियरच्या वहीत मिळतो, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करूनही मिळतो. तरी प्रत्येक बॅचमधला प्रत्येक जण तो स्वतः नव्याने आखतो. आखण्यात जो वेळ जातो तो अभ्यासाच्या वेळात धरला जातो आणि त्या वेळात पाठ काहीच करावे लागत नाही, हे या पद्धतीच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे.

तक्त्याचा पाया जुन्या प्रश्नपत्रिका. आठ-दहा वर्षांचे पेपर गोळा करायचे, प्रत्येक प्रश्नातला जिवाणू शोधायचा आणि त्याच्या नावापुढे उभी रेघ मारायची. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. तासाभरात चित्र स्पष्ट होते. टायफॉइड, कॉलरा, घटसर्प, क्षय, कुष्ठरोग, सिफिलिस आणि गॅस गँगरीन ही मंडळी पुन्हा पुन्हा हजेरी लावतात, तर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण मिळालेले काही जिवाणू दहा वर्षांत एखाद्या शॉर्ट नोटपुरतेही फिरकत नाहीत. इथून पुढे होस्टेलमध्ये दोन पंथ पडतात.

"मागच्या वेळी कॉलरा आलाय, यंदा येणार नाही. सोडून दे."

"मागच्या वेळी आलाय म्हणूनच येणार. पेपर काढणाऱ्यांना तरी कुठे वेळ असतो?"

दोन्ही पंथांकडे आपापल्या मताला पुष्टी देणारे पेपर असतात, त्यामुळे हा वाद मेस बंद होईपर्यंत चालतो. खरे तर रेघांचा उपयोग भाकितासाठी नाहीच. जुन्या पेपरात जिवाणूच्या नावापेक्षा त्या नावामागून येणारे शब्द पाहायचे असतात. टायफॉइड पाच वेळा आला आणि पाचही वेळा 'लॅबोरेटरी डायग्नोसिस लिहा' असे विचारले गेले, तर तक्त्यात मोठा खाना कोणता हवा ते पेपरानेच सांगून टाकले. कुष्ठरोगाच्या प्रश्नात लेप्रोमॅटस आणि ट्यूबरक्युलॉइड यांतला फरक वारंवार येत असेल, तर त्या ओळीला दुभंगलेला खाना लागतो. घटसर्पात विष कसे काम करते हे विचारतात, तेव्हा तिथे विषाचा खाना. प्रत्येक ओळीला तिच्या प्रश्नांनुसार खाने मिळाले पाहिजेत, ही एवढी साधी गोष्ट पट्टी हातात घेतल्यावर कोणालाही आठवत नाही.

पट्टी हातात घेतल्यावर प्रत्यक्षात होते ते असे. पुस्तक उघडले जाते आणि पुस्तकाच्या अनुक्रमाने ओळी सुरू होतात. पहिला मान अर्थातच स्टॅफिलोकोकस ऑरियसचा. त्याच्यासाठी चौदा खाने आखले जातात: ग्रॅम स्टेन, आकार, माध्यम, कॉलनीचा रंग, कॅटालेज, कोअॅग्युलेज, सगळी विषे, सगळे आजार, औषधे, औषधांना न जुमानणाऱ्या जाती. नावाला लाल शाई, विषांना हिरवी, आजारांना निळी. सोनेरी कॉलनीसाठी शेजारच्या खोलीतून सोनेरी पेन मागवले जाते. नमनालाच घडाभर तेल जाते. स्ट्रेप्टोकोकसपर्यंत अक्षर सुवाच्य असते, क्लॉस्ट्रिडियमला ते तिरके होते, मायकोबॅक्टेरियमला हिरवी शाई संपते आणि स्पायरोकीटपाशी पोहोचेपर्यंत वहीत 'पुस्तकात बघणे' एवढेच उरते. परिणामी महाराष्ट्रातल्या कुठल्याही होस्टेलमध्ये मध्यरात्री कुणालाही उठवून विचारले तरी तो स्टॅफिलोकोकस घडाघडा सांगतो, आणि सिफिलिस म्हटले की कूस बदलतो.

यावर उपाय म्हणजे ओळींचा क्रम पुस्तकावरून न लावता रेघांवरून लावणे. ज्याच्यापुढे रेघा जास्त तो वर. मग शाई संपली तरी बिघडत नाही. चौदा खान्यांपैकी बहुतेक उडवून पाच ठेवले तरी काम भागते: जिवाणू रोग कसा घडवतो, कोणता नमुना केव्हा घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते, कशावर वाढवायचा, आणि 'हाच तो' हे शेवटी कशाने ठरते. यांतला दुसरा खाना, नमुना केव्हा घ्यायचा, बहुतेक तक्त्यांत नसतोच. गुण मात्र नेमके तिथे असतात. टायफॉइडची ओळ भरून पाहिली की हे कळते.

साल्मोनेला टायफी तोंडावाटे पोटात जातो, आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत मुक्काम करतो, तिथून पुन्हा मोठ्या संख्येने रक्तात येतो आणि ताप चढतो. पित्ताशयातून तो परत आतड्यात येतो. हा प्रवास ध्यानात असेल तर नमुन्याचा खाना पाठ करावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात, म्हणून ब्लड कल्चर. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तात पुरेशा अँटिबॉडी तयार होतात, म्हणून विडाल. तिसऱ्यात विष्ठेचे कल्चर, त्यानंतर लघवीचे. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून विद्यार्थी याला 'बासू' म्हणतात. कित्येकांना बासू आठवतो, पण त्याच्यातले 'बा' म्हणजे काय ते आठवत नाही, आणि पेपरात हे बासू कोणी बंगाली शास्त्रज्ञ असल्यासारखे अवतरतात.

ब्लड कल्चरसाठी पाच ते दहा मिली रक्त घेऊन ते साधारण दहापट द्रवमाध्यमात घालतात. रक्तात जिवाणूंना मारणारे घटक असतात. त्यांची धार विरळ करणे हा त्यामागचा हेतू. हे कारण एका वाक्यात लिहिणाऱ्या उत्तराकडे तपासनीस डोळे वर करून पाहतो, कारण उरलेल्या गठ्ठ्यात 'रक्त घ्यावे' एवढेच असते. पुढे मॅककॉन्कीवर फिकट कॉलनी येतात, कारण हा जिवाणू लॅक्टोज आंबवत नाही. विल्सन-ब्लेअर माध्यमावर त्या काळ्याकुळकुळीत येतात. मग जैवरासायनिक चाचण्या, आणि शेवटी काचपट्टीवर विशिष्ट सीरमबरोबर गुठळ्या होतात का ते पाहून शिक्कामोर्तब.

विडालच्या खान्यात बहुतेक तक्त्यांत 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द असतो. आपल्याकडे टायफॉइड घरोघरी होऊन गेलेला असल्याने धडधाकट माणसाच्या रक्तातही थोड्या अँटिबॉडी सापडतात. म्हणून ओ अँटिबॉडीचा टायटर १:१०० आणि एचचा १:२०० याच्या खाली असला तर सहसा त्याला महत्त्व देत नाहीत, आणि हा आकडाही भागागणिक बदलतो. लस घेतलेल्यांत एच बराच काळ वर राहतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दिसली तर त्या पुराव्याला वजन येते. व्हायव्हात हा विषय असा निघतो:

"ताप किती दिवसांचा?"

"तीन दिवसांचा, सर."

"मग कोणती टेस्ट?"

"विडाल."

"का?"

"सर, तक्त्यात पहिली तीच आहे."

विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याच्या तक्त्यात ती खरोखरच पहिली असते, कारण नाव छोटे आणि खाना अरुंद.

सूक्ष्मदर्शकाच्या खान्याला मात्र कोणीही कंटाळत नाही. तो तक्त्यातला करमणुकीचा भाग आहे. टिटॅनसचा जिवाणू ढोलाच्या काठीसारखा, अँथ्रॅक्सचे जिवाणू बांबूच्या कांडीसारखे, कुष्ठरोगाचे सिगारच्या जुडीसारखे, प्लेगचा सेफ्टी पिनसारखा, आणि कॉलऱ्याचे प्रवाहातल्या माशांच्या झुंडीसारखे. ज्या कोणी ही वर्णने केली, त्यांनी जिवाणू पाहिले की बाजार, असा प्रश्न पडतो. अडचण अशी की ही वर्णने इतकी चटकन पाठ होतात की विद्यार्थी त्यांवरच थांबतो. घटसर्पाच्या जिवाणूंची मांडणी 'चिनी अक्षरांसारखी' असते, हे वाक्य पिढ्यान्पिढ्या लिहिले जाते, लिहिणाऱ्यांपैकी कोणाला चिनी येत नाही.

"स्लाइडमध्ये काय दिसतंय?"

"चिनी अक्षरं, मॅडम."

"बरं. वाचा."

इथे विद्यार्थी गप्प होतो आणि त्याच्या तक्त्यातली खरी उणीव उघडी पडते. अल्बर्ट स्टेनमध्ये हिरवे जिवाणू आणि त्यांत निळसर काळे ठिपके दिसले, तरी तेवढ्याने घटसर्प ठरत नाही. घशात वसतीला असणारे निरुपद्रवी नातलग बरेचसे तसेच दिसतात. शिवाय घटसर्पाच्या जिवाणूची प्रत्येक जात विषारी नसते. एका विशिष्ट बॅक्टेरियोफाजने, म्हणजे जिवाणूला ग्रासणाऱ्या विषाणूने, त्याला विषाचे जनुक दिलेले असेल तरच तो विष बनवतो. म्हणून लोफ्लर सीरम स्लोपवर सहा ते आठ तासांत वाढ, टेल्युराइट माध्यमावर दोन दिवसांपर्यंत वाट पाहून काळ्या कॉलनी, आणि शेवटी एलेकच्या चाचणीत विष बनते का याचा निकाल, अशी ही ओळ आहे. त्या ओळीच्या समासात एक वाक्य ठळक लिहावे लागते: रुग्णाला अँटिटॉक्सिन यातल्या कशाचीही वाट न पाहता, नुसत्या संशयावर द्यायचे असते. तक्त्याला समास ठेवलेला नसला की हे वाक्य राहून जाते आणि कागदावरचा रुग्ण एलेकच्या निकालाची वाट पाहत बसतो.

काही ओळी तक्त्याला दादच देत नाहीत. मायकोबॅक्टेरियम लेप्रीच्या 'माध्यम' खान्यात काय लिहायचे? हॅन्सनने हा जिवाणू १८७३ मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या कुठल्याही कृत्रिम माध्यमावर तो आजवर वाढलेला नाही. वाढवायचा तर उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो या खवल्यांच्या अमेरिकी प्राण्यात, आणि तिथेही एका पेशीच्या दोन व्हायला बारा-तेरा दिवस लागतात. खाना रिकामा ठेवायला जिवावर येते, म्हणून विद्यार्थी तिथे आर्माडिलोचे चित्र काढतो. चित्र चांगले आले तर अर्धी संध्याकाळ जाते. तरीही हा रिकामा खाना विसरायचा नसतो, कारण 'कॉखच्या सूत्रांत न बसणारा जिवाणू कोणता' हा प्रश्न त्यातूनच येतो.

प्लेगच्या ओळीत तर चक्क तूप आहे. द्रवमाध्यमावर तेलाचा किंवा तुपाचा थर दिला की यर्सिनिया पेस्टिस त्या थराच्या खालून छतावरून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखा वाढतो. चंबू हलवला की सुळके गळून पडतात. मेसच्या वरणात कधी न दिसलेले तूप जिवाणूंना मिळते, यावर प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी निषेध नोंदवतोच. एरवी ही ओळ इतिहासजमा समजून वगळण्याकडे कल असतो. पण १८९६ च्या मुंबईतल्या साथीमुळे हाफकिन यांची लस तिथेच तयार झाली आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगची बातमी पुन्हा झळकली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या व्हायव्हात तरी प्लेग निवृत्त झाला असे धरून चालत नाही.

इतका सगळा तक्ता झाल्यावर तो उलटा धरायची वेळ येते. जुन्या पेपरांत प्रश्न जिवाणूच्या बाजूने यायचा: अमुक जिवाणू, त्याचे आजार, त्याचे निदान. २०१९ मध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रमात विषयाची मांडणी शरीराच्या संस्थांनुसार झाली आणि प्रश्नात रुग्ण येऊन बसला. जिवाणूचे नाव आता शेवटपर्यंत सांगितले जात नाही. तेच ओळखायचे असते. तक्ता डावीकडून उजवीकडे पाठ केलेल्याला उजवीकडून डावीकडे यायला सांगितले की त्याचे पाय अडखळतात.

एक नमुना प्रश्न असा: लग्नाचे जेवण दुपारी एक वाजता झाले. चारच्या सुमारास बऱ्याच पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. ताप नाही. जेवणात बासुंदी होती. कारण काय, निदान कसे कराल? विद्यार्थी मनातल्या तक्त्यात 'फूड पॉयझनिंग' हा शब्द शोधतो. तो त्याला साल्मोनेलाच्या खान्यात भेटतो, तिथेच तो थांबतो आणि दीड पान भरून साल्मोनेला लिहितो. अक्षर सुंदर, उत्तर चूक. अन्नविषबाधेचा उलटा तक्ता घड्याळावर लावावा लागतो. एक ते सहा तासांत उलट्या झाल्या तर विष अन्नातच तयार झालेले होते: स्टॅफिलोकोकस ऑरियस, किंवा शिळ्या भाताच्या फ्राइड राइसमधला बॅसिलस सीरिअस. आठ ते सोळा तासांत पोटात मुरडा आणि जुलाब असतील तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स किंवा बॅसिलस सीरिअसचा दुसरा प्रकार. साल्मोनेलाला पोटात वाढायला वेळ लागतो, म्हणून तो सहसा बारा तासांच्या पुढे आणि तापासह येतो. दुपारच्या जेवणाला चार वाजता तो पोहोचूच शकत नाही.

तेव्हा आरोपी स्टॅफिलोकोकस. दुधाचा पदार्थ करून तो बाहेर तसाच ठेवला, आचाऱ्याच्या बोटावर पिकलेला फोड होता किंवा नाकात जिवाणू होते, आणि पाहुणे येईपर्यंत बासुंदीत विष तयार झाले. हे विष अर्धा तास उकळले तरी बहुतांशी टिकते. म्हणून 'आम्ही पुन्हा गरम करून वाढली होती' हा यजमानांचा बचाव ग्राह्य धरता येत नाही. नमुन्याच्या खान्यात उलटी आणि उरलेली बासुंदी येते, आणि सोबत आचाऱ्याचे नाक व बोट. गंमत अशी की ज्या स्टॅफिलोकोकसची ओळ सोनेरी पेनाने लिहिलेली असते, तोच नेमका इथे ओळखू येत नाही, कारण त्या ओळीच्या चौदा खान्यांत तासांचा खाना नसतो.

उलट्या तक्त्याच्या ओळी म्हणूनच जिवाणूंच्या नसतात, तक्रारींच्या असतात: दहा दिवसांहून जास्त ताप, घशात पडदा, पाण्यासारखे जुलाब, लिंगावरचा व्रण. प्रत्येक ओळीत तीन-चार संशयित, आणि प्रत्येकापुढे 'हा असेल तर आणखी काय दिसेल' एवढा एकच खाना. दीर्घ तापाच्या ओळीत टायफॉइडबरोबर लेप्टोस्पायरा, स्क्रब टायफस आणि ब्रुसेला बसतात, शेजारी जिवाणू नसूनही मलेरिया बसतो. भातखाचरातून अनवाणी चालून आलेला आणि डोळे पिवळे झालेला रुग्ण प्रश्नात दिसला की लेप्टोस्पायरा. अंगावर काळी खपली धरलेला चट्टा दिसला की स्क्रब टायफस.

याच दोघांपाशी तक्त्यांतली सर्वात चिवट चूक वस्तीला असते. लेप्टोस्पायराच्या गंभीर आजाराला वाइल्स डिसीज म्हणतात, आणि टायफससाठी वाइल-फेलिक्स नावाची चाचणी आहे. आजाराचे वर्णन १८८६ मध्ये करणारे आडोल्फ वाइल निराळे, आणि १९१६ मध्ये फेलिक्सबरोबर चाचणी काढणारे एडमुंड वाइल निराळे. कोण्या एका बॅचमधल्या कोण्या एका थकलेल्या हाताने लेप्टोस्पायराच्या ओळीत 'वाइल-फेलिक्स' लिहिले की ते झेरॉक्समधून झेरॉक्समध्ये उतरत जाते. दर पिढीला शाई फिकी होते आणि चूक ठळक.

"सर, पुस्तकात लेप्टोला मॅट लिहिलंय. वाइल-फेलिक्स नाहीये."

"अरे, हा टॉपरचा तक्ता आहे."

"पण सर, पुस्तक..."

"पुस्तक टॉपरने वाचलंय ना? मग तू कशाला वाचतोस?"

लेप्टोस्पायराची चाचणी मॅट, म्हणजे जिवंत लेप्टोस्पायरांवर रुग्णाचे सीरम घालून गुठळ्या पाहणे. वाइल-फेलिक्समध्ये रिकेट्सिया नसतातच. त्यांच्याशी प्रतिजन जुळणारे प्रोटिअसचे ठरावीक प्रकार वापरतात, आणि स्क्रब टायफसमध्ये ओएक्स-के हा प्रकार प्रतिसाद देतो. झेरॉक्स तक्ता किती विश्वासाचा हे पाहायचे असेल तर या दोन ओळी आधी वाचाव्यात. दुसरी खूण एन्टेरोकोकस: तो अजून 'स्ट्रेप्टोकोकस फिकॅलिस' म्हणून नांदत असेल, तर तक्ता १९८४ च्या नामांतराआधीच्या वंशावळीतला आहे.

शेवटची पायरी कोऱ्या तक्त्याची. खान्यांच्या रेघा आणि डावीकडची नावे तेवढी ठेवून बाकी कागद रिकामा घ्यायचा आणि पुस्तक मिटून तो भरायचा. पहिल्या वेळी स्टॅफिलोकोकसची ओळ काठोकाठ भरते, तिथून खाली कागद विरळ होत जातो. जे खाने दुसऱ्या वेळीही रिकामे राहतात, तेवढेच एका वेगळ्या पानावर उतरवायचे. परीक्षेच्या सकाळी हॉलच्या दाराशी वाचायला तेच पान पुरते. बहुतेकांच्या त्या पानावर सिफिलिसच्या चाचण्यांचा क्रम, परफ्रिंजेन्सची नॅग्लर रिअॅक्शन आणि वाइल-फेलिक्स एवढे असते. त्या पानालाही चौकट आखून रंग भरायला काही जण बसतात. त्यांना रूममेटने वेळीच उठवावे लागते.